पोर्चमधून हाक मारायचं नाव

मुरलीधररावांनी ‘विद्युल्लता’ हे नाव मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात चक्क माइकवरून जाहीर केलं, आणि दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्या छोट्या हॉलमध्ये अशा काही टाळ्या पडल्या की वडे तळणारे काकासुद्धा झारा घेऊन दारात आले. साठ माणसं होती. साठच्या साठ मराठी. कुणी म्हणालं किती अर्थपूर्ण, कुणी म्हणालं विजेवरच्या स्कूटरला विजेचंच नाव, वा. अबोली मावशींनी तर डोळ्याला पदर लावला, कारण विद्युल्लता हे मुरलीधररावांच्या बायकोचं, म्हणजे वीणाच्या आईचं नाव होतं आणि आईला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

वीणा टाळ्या वाजवत होती आणि मनातल्या मनात त्या नावातली अक्षरं मोजत होती.

झालं होतं असं. वीणाचा भाऊ पुष्कर आयटीतली नोकरी सोडून बाईक टॅक्सी काढत होता. लांबची नाही, अगदी जवळची. मेट्रोच्या गेटपासून सोसायटीच्या गेटपर्यंत, फार तर तीन-चार किलोमीटर. परवाना आला होता, बारा इलेक्ट्रिक स्कूटर आल्या होत्या, ॲप तयार होत आलं होतं. कागदावर कंपनी लागायची म्हणून पुष्करने बाबांना विचारून ‘विद्युल्लता मोबिलिटी प्रायव्हेट लिमिटेड’ नोंदवून टाकली. पण लोकांनी ज्या नावाने गाडी बोलवायची ते नाव ठरवायचं काम वीणाकडे होतं. ती गुडगावच्या एका कंपनीत हेच करायची, साबणांची आणि बिस्किटांची नावं शोधायची. तिच्या वहीत एकोणीस नावं होती. ती वही उघडायची वेळच आली नाही.

कारण आई गेल्यापासून बाबा बोलेनासे झाले होते. जेवताना ताटाकडे बघायचे, नंतर टीव्हीकडे, त्यात काय चाललंय तेही त्यांना माहीत नसायचं. आणि या नावाने ते एकदम जागे झाले. सकाळी दाढी करून तयार. पुष्करला दहा फोन. हेल्मेटवर नाव कुठे येणार, अक्षरं केवढी असणार, जॅकेट पिवळं की हिरवं. त्यांनी पोरांकडे आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं. मग कोण म्हणणार होतं त्यांना, की बाबा, हे नाव चालणार नाही?

‘तू सांग,’ पुष्कर म्हणाला. ‘ब्रँडिंग तुझं डिपार्टमेंट आहे ना यार.’

‘आणि बाबा तुझे कोणीच नाहीत का?’

मग दोघांनी मिळून ठरवलं की कुणीच सांगायचं नाही. आधी आठवडाभर चाचणी करू. कोण जाणे, चालेलही.

ट्रेडमार्कचं काम बघणारी रसिका वीणाची कॉलेजातली मैत्रीण. तिने प्रवासी वाहतुकीच्या वर्गात शोध घेऊन सांगितलं होतं की नाव मोकळं आहे, पण सोमवारी अर्ज भरण्याआधी नीट विचार करा. एकदा भरलेल्या अर्जात नाव बदलून मिळत नाही, पुन्हा नव्याने सगळं. छापखान्यालाही सोमवारीच सांगायचं होतं. म्हणजे हातात उरले सात दिवस.

पहिला धक्का ॲपने दिला. फोनच्या पडद्यावर चित्राखाली नाव पूर्ण मावेना. ‘Vidyull’ आणि पुढे तीन टिंबं. पुष्कर म्हणाला, चलेगा, लोक चित्र बघतात. दुसरा धक्का शंकरने दिला.

शंकर त्यांचा सगळ्यात जुना चालक, जुना म्हणजे तीन आठवड्यांचा. मूळचा समस्तीपूरचा, दिल्लीच्या गल्ल्या तोंडपाठ. गाडी बुक झाली की सवारीला, म्हणजे प्रवाशाला, फोन करायचा आणि म्हणायचं, नमस्ते, विद्युल्लता से शंकर बोल रहा हूँ, गेट दो पर हूँ. एवढं साधं. पण फोन अनोळखी नंबरावरून जायचा. पलीकडची व्यक्ती मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर, खांद्याला बॅग, कानात गाणी. शंकरचं ‘विद्युल्लता’ पुरं व्हायच्या आत तिला वाटायचं, आलं बँकेचं कर्ज विकणारं कोणीतरी, आणि ती फोन कट करायची. पहिल्या दिवशी वीस फोनांपैकी सात कट झाले. वीणाने मोजले होते.

पाचव्या दिवशी तिने बघितलं तर शंकर नावच घेत नव्हता. ‘बाइकवाला बोल रहा हूँ,’ एवढंच. तिने विचारलं तर तो बिचारा ओशाळला.

‘मॅडम, नाम बहुत सुंदर है,’ तो हेल्मेट काखेत धरून म्हणाला. ‘पर जितनी देर में हम नाम लेते हैं, उतनी देर में बगलवाले की सवारी बैठ जाती है।’

बगलवाले म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे. गेट दोनवर तिघा-चौघा कंपन्यांचे बाइकवाले एकाच रांगेत उभे असायचे आणि सगळेच म्हणायचे, बाइकवाला बोल रहा हूँ. त्यामुळे व्हायचं काय, की आपली सवारी दुसऱ्याकडे जाऊन पिन सांगायची, तो पिन जुळायचा नाही, मग ती चिडायची, आणि शंकर चार पावलांवर हात हलवत उभा.

वीणाने त्या रात्री पुष्करला सांगितलं की बास, उद्या मी बाबांशी बोलते. पुष्करने काहीतरी पुटपुटत मान हलवली. तिने मनातल्या मनात वाक्यं जुळवली. बाबा, रागावू नका. बाबा, आईचं नाव खूप छान आहे, पण. त्या ‘पण’च्या पुढे तिला एकही वाक्य सुचेना. साबणाच्या नावांना नाही म्हणणं फार सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. ती गेटवर पोचली तर बाबा आधीच तिथे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात छोटी वही. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आपण दिलेल्या नावाने गाडी कशी सुटते ते बघायला ते घरून पायी येऊन उभे होते, कुणी नातवाचं गॅदरिंग बघायला जावं तसे. वीणाला वाटलं, जमीन दुभंगावी.

ती बोलायला पुढे झाली आणि तेवढ्यात जिन्यावरून एक बाई आल्या. साठीच्या, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, एका गुडघ्यावर जोर देत चालणाऱ्या. मुलाने घरून गाडी बुक करून दिलेली दिसत होती, कारण त्या फोनवर त्यालाच विचारत होत्या, कोणती रे, कोणती गाडी. मुलगा पलीकडून सांगत असावा. बाईंनी म्हणून बघितलं, ‘विद... विदु...’ मग पुन्हा एकदा. मग पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पहिल्या बाइकवाल्याकडे गेल्या, तो नाही म्हणाला. दुसऱ्याकडे गेल्या, तो फोनमध्ये. शंकर धावत आला खरा, पण तोवर त्यांनी फोनवर ‘रहने दे, मैं पैदल आ जाती हूँ’ म्हटलं होतं आणि त्या चालायलाही लागल्या होत्या. गुडघ्यावर जोर देत.

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. त्या वळणाआड जाईपर्यंत.

‘तुझ्या आईसारखं चालतात,’ ते म्हणाले.

वीणा म्हणाली, ‘बाबा, मी आज तुम्हाला सांगणारच होते.’

‘कधीपासून माहीत होतं तुला?’

‘मंडळातल्या टाळ्यांपासून.’

ते हसले. म्हणजे मिशी थोडी हलली. मग कठड्यावर टेकून त्यांनी शंकरला विचारलं की तू फोनवर नेमकं काय बोलतोस. शंकरने बोलून दाखवलं, लांब नावासकट. बाबांनी डोळे मिटून ऐकलं आणि मग ते आपल्या नोकरीबद्दल बोलायला लागले. दीड वर्षात पहिल्यांदा.

कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या अतिथिगृहात ते एकतीस वर्षं स्वागतकक्षात होते. पाहुणे, त्यांच्या खोल्या, त्यांच्या गाड्या, सगळं त्यांच्याकडे. नोंदवहीत पाहुण्याचं अख्खं नाव यायचं, हुद्दा, खातं, गाव, एक वेलांटी चुकायची नाही. पण पाहुणा जिना उतरून पोर्चमध्ये आला की गाडी तिथे हजर हवी. तिथे अख्खं नाव वाचत बसलं तर साहेब उन्हात उभे. म्हणून सकाळीच ते प्रत्येक गाडीला एक हाक ठरवून द्यायचे. दोन अक्षरी, तीन अक्षरी, बस. झाडाखाली पत्ते खेळणाऱ्या ड्रायव्हरलाही पहिल्या हाकेला कळलं पाहिजे.

‘वहीतलं नाव वेगळं आणि पोर्चमधून हाक मारायचं वेगळं,’ ते म्हणाले. ‘हे मी नव्या पोरांना शिकवायचो. आणि स्वतः माइक धरून वहीतलं नाव पोर्चमध्ये ओरडत बसलो.’

‘मंडळात सगळ्यांना आवडलं होतं, बाबा.’

‘मंडळातले लोक कुठे जिना उतरून येत होते? ते वडे खात होते.’

शंकरला मराठी कळलं नाही, पण बाबा हसले म्हणून तोही हसला. वीणाने वही काढली. एकोणीस नावं बाबांना वाचून दाखवली. बाबांनी प्रत्येक नाव शंकरला हेल्मेट घालून फोनवर म्हणायला लावलं आणि स्वतः गेटच्या आत जाऊन, गर्दीत उभं राहून ऐकलं. एका नावाला शंकरची जीभ अडली, एक नाव पेट्रोलच्या जाहिरातीसारखं वाटलं, एक बाबांना रिक्षाच्या मागचं वाटलं. एकोणीसही गेली. ऊन चढलं. वीणाला घाम फुटला, पण मजाही यायला लागली होती, कारण बाबा एखाद्या परीक्षकासारखे हातानेच ‘पुढचं’ म्हणत होते.

शेवटी ते कठड्यापाशी परत आले आणि ती बाई गेली त्या वळणाकडे बघत म्हणाले, ‘तुझी आई इथूनच फोन करायची ना?’

हो. ह्याच गेटवरून. सरोजिनी नगरच्या शाळेतल्या नोकरीवरून सुटली, की मेट्रोने इथे, आणि इथून रोज पायी, कारण तेवढ्याशा अंतराला कुणी यायचंच नाही. आणि जिना उतरल्यावर तिचा एकच फोन असायचा. वीणाला तो शब्दन् शब्द आठवत होता, कारण चहा टाकायचं काम तिचंच असायचं.

‘शेवटचा टप्पा राहिलाय,’ वीणा म्हणाली. ‘आधण ठेव.’

‘टप्पा,’ बाबा म्हणाले.

मग बाबांनी शंकरला खूण केली. ‘बोलो,’ ते म्हणाले, ‘टप्पा से शंकर, गेट दो।’ आणि लगबगीने आत गेले, पार जिन्याच्या वरपर्यंत.

शंकरने हेल्मेट चढवलं, बाबांना फोन लावला आणि म्हटलं. एका श्वासात झालं. वर गर्दीतून बाबांचा हात उंच दिसला.

त्यांनी घाई मात्र केली नाही. शनिवार-रविवार दोन्ही दिवस शंकर आणि बाकीचे चालक हेच नाव घेऊन फोन करत होते. चाळीस फोनांपैकी दोन कट झाले. गाडीवरून उतरलेल्या माणसाला बाबा स्वतः गाठायचे आणि हिंदीत विचारायचे, कशाने आलात? बहुतेक जण चालता चालता, मागे वळूनही न बघता सांगायचे, टप्पा से. रविवारी संध्याकाळी रसिकाने शोध घेऊन कळवलं की त्या वर्गात हे नाव मोकळं दिसतंय, मिळतंजुळतंही काही नाही.

सोमवारी अर्ज गेला. अर्जदाराच्या रकान्यात ‘विद्युल्लता मोबिलिटी प्रायव्हेट लिमिटेड’, अख्खं, एकही वेलांटी न चुकवता. तो रकाना बाबांनी दोनदा तपासला. खाली ट्रेडमार्कच्या रकान्यात दोन अक्षरं.

मग त्यांनी मंडळाच्या सेक्रेटरींना फोन लावला. वीणा बाजूलाच होती. ते सांगत होते की परवा मी जाहीर केलेलं नाव वहीत आहे, जसंच्या तसं, पण हाक वेगळी ठरली आहे. पलीकडून बहुधा विचारलं गेलं की मग वहिनींचं नाव काढलंत की काय.

‘काढलं कुठे?’ बाबा म्हणाले. ‘आता तर तिचंच बोलणं चाललंय गेटवर दिवसभर.’

आणि फोन ठेवून त्यांनी वीणाला आधण ठेवायला सांगितलं.