कोऱ्या जागेचे आठ मार्क

चिंतामणराव गणित शिकवत आणि वर्गातल्या पोरांना दमही तितकाच देत. त्यांचा दम ठरलेला असे: "बाबांनो, परीक्षक काही तुमच्या डोक्यात शिरून बसलेला नाही. कागदावर जे आहे, तेवढंच त्याला दिसतं." हे वाक्य इंदूरच्या त्या कॉलेजात एवढ्या वेळा म्हटलं गेलं होतं की पोरं ते त्यांच्या माघारी त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवत.

मध्यभारत राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. गावात इंजिनिअरिंगचं नवं कॉलेज निघालं होतं आणि चिंतामणरावांच्या कुमुदिनीने तिथेच जायचा हट्ट धरला होता. इंटरच्या बोर्डाच्या परीक्षेत गणितात उत्तम मार्क पडले तरच दार उघडणार होतं. पोरगी वडिलांच्याच वर्गात होती, आणि हुशार अशी की गणित वाचून होईतो उत्तर ओठांवर. खोड एकच, लिहायचा कंटाळा.

कॉलेजच्या सराव परीक्षेत दहा मार्कांचं गणित होतं. एक्स वर्ग बरोबर चार वाय ही वक्ररेषा वायच्या अक्षाभोवती फिरवली की एक वाडगा तयार होतो. एक्स, वाय इंचांत. वाडग्याचं तोंड एक फूट रुंद, तर घनफळ किती? कुमुदिनीने एवढंच लिहिलं होतं: १६२ पाय (π).

मल्हारगंजातल्या घरी चारपाईवर बसून चिंतामणराव पेपर तपासत होते. लेकीचं उत्तर बघून ते खूष झाले. तोंड एक फूट म्हणजे एक्स सहा इंच, म्हणून वाय नऊ; आडव्या चकत्या घेतल्या, शून्यापासून नऊपर्यंत बेरीज केली. बरोब्बर! क्युबिक इंच लिहिलं नाही म्हणून एक मार्क कापला आणि नऊ दिले.

पुढचा पेपर उचलताना त्यांचा हात थांबला. मघाशी रघुवीर नावाच्या पोराचा पेपर तपासला होता. त्यानेही हेच लिहिलं होतं, १६२ पाय, बस. त्याला त्यांनी दोन दिले होते.

चिंतामणरावांना स्वतःची लाज वाटली. आकृती, चकती, लिमिट, सगळं त्यांनी स्वतःच लेकीच्या कोऱ्या जागेत भरलं होतं. तिचं डोकं त्यांना पाठ होतं, रघुवीरचं नव्हतं. त्यांनी नवावर काट मारली आणि दोन लिहिले. लेकीवर माया नव्हती असं नाही. माया होती म्हणूनच हात जड झाला.

कुमुदिनी भडकली. "बाबा, उत्तर तो सही है ना? मग आठ मार्क कशाचे कापले?"

"कोऱ्या जागेचे."

"मी नकल केली का? तुम्हाला माहीत आहे ना, मला येतं ते!"

"मला माहीत आहे, हीच तर मुश्किल आहे," चिंतामणराव म्हणाले. "बोर्डाच्या परीक्षकाला माहीत नसणार, बेटा. पहिले आकृती. मग कुठली चकती, तिची जाडी कशात. मग इंटीग्रल, मग लिमिट कुठून आलं ते. शेवटी क्युबिक इंच. परीक्षकासाठी लिही."

कुमुदिनीने अबोला धरला. तिच्या आईने, द्वारकाबाईंनी, मधे पडून पाहिलं, पण बाप-लेक दोघंही एकाच मातीची, कोण हलणार! बोर्डाच्या परीक्षेपर्यंत घरात पोहे मागण्यापुरतंच बोलणं उरलं.

गणिताचा पेपर झाला त्या दुपारी चिंतामणराव ओट्यावर येरझारा घालत होते. कुमुदिनी सायकलवरून उतरली आणि सरळ त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"वाडगा आला होता, बाबा. या वेळी एक्स वर्ग बरोबर तीन वाय. तोंड तेच, एक फूट."

"मग?"

"मनात लगेच उत्तर आलं. चोपन्न पाय."

चिंतामणरावांचा चेहरा उतरला. चोपन्न चूक होतं, हे त्यांना उभ्या उभ्या कळलं.

"आधी मला तेवढंच लिहून मोकळं व्हायचं होतं," ती म्हणाली. "पण तुमच्यावरच्या रागाने सगळं लिहीत गेले. फिगर काढली. चकती आडवी, जाडी डीवाय, असं लिहिलं. आणि लिमिट लिहायला गेले, शून्य ते सहा, तर पेनच अडलं. जाडी वायची आणि सहा तर एक्सचे! वाय काढला, बारा आला. दोनशे सोळा पाय."

"दोनशे सोळा पाय काय?" राहवलं नाही त्यांना.

"क्युबिक इंच!" ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "बाबा, तुम्ही म्हणत होतात परीक्षकासाठी लिही. तिथे परीक्षक कुठे होता? तिथे मीच होते, आणि माझंच चुकलं होतं."

एवढी वर्षं शिकवून चिंतामणरावांना हे एकदाही सुचलं नव्हतं. तिच्या हातातली सायकल घेऊन त्यांनी भिंतीला लावली.

दुसऱ्या दिवशी खालच्या वर्गात त्यांनी फळ्यावर वाडगा काढला आणि आपलं ठरलेलं वाक्य सुरू केलं. "बाबांनो, परीक्षक काही तुमच्या..." मागच्या बाकावर दोघे ओठ हलवत ते आधीच म्हणत होते. चिंतामणराव थांबले.

"परीक्षकाला सोडा," ते म्हणाले. "आपलं आपल्याला दिसावं म्हणून लिहा."