फिलोमेनाच्या हातचे केस

शनिवारी दुपारी ओदिलियाच्या दुकानात तीन बायका डोक्याला रोलर लावून बसल्या होत्या, तेवढ्यात तिची मुलगी लिओनोर दार ढकलून आत आली. ओदिलियाला ती आधी आरशात दिसली, आणि क्षणभर तिनं पोरीला ओळखलंच नाही. कमरेपर्यंतचे केस गेले होते. आता ते गळ्याच्या हाडापाशी थांबले होते, गालांच्या बाजूला फुगलेले, आणि भुवयांवर दोन्हीकडे पडद्यासारख्या बटा आल्या होत्या.

"कुणी कापले?" ओदिलियानं हातातला रोलर न सोडता विचारलं.

"फिलोमेनामावशीनं."

रोलरवाल्या तिघींनी एकाच वेळी माना वळवल्या. त्यातली दोना एस्तेर म्हणाली की पोर किती गोड दिसते आहे, तिचा चेहरा इतका गोल आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. चेहरा गोल नव्हताच. तो बापाकडून आलेला होता, लांब, अरुंद, हनुवटीपाशी निमुळता. शाळेत पोरं तिला घोडी म्हणत, आणि चौथीत असताना ती एकदा रडत घरी आली होती. ओदिलियानं तेव्हा तिला सांगितलं होतं, केस वाढव, लांब केसांकडे लोक बघतात, चेहऱ्याकडे नाही. त्यानंतर आठ वर्षं तिनं ते केस स्वतःच्या हातानं तेल लावून वाढवले होते. तीन आठवड्यांनी पवित्र आत्म्याच्या सणाची मिरवणूक होती. यंदा राणीचा मान लिओनोरला मिळाला होता, आणि मुकुटाखाली उंच अंबाडा, त्यातून सुटलेली लांब वेटोळी असं सगळं ओदिलियानं मनात कधीच घालून ठेवलं होतं.

"मला एका शब्दानं विचारलं असतंस तर," ती इतकंच म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस."

हे खरं होतं. ओदिलियानं पुढचा रोलर उचलला.

तिचं आणि फिलोमेनाचं जुनं होतं. फॉल रिव्हर या परक्या गावात दोघी एकाच वर्षी आल्या, एकाच बेटावरून, आणि पंधरा वर्षं एकाच दुकानात शेजारशेजारच्या खुर्च्यांवर उभ्या राहिल्या. ओदिलियाचा हात साफ होता. तिनं कापलेली रेघ फूटपट्टीनं मोजावी. फिलोमेना मात्र कात्री उचलायच्या आधी बराच वेळ काहीच करायची नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याचे सगळे केस मागे घेऊन ती आरशात नुसती बघत राहायची, कधी तळव्यानं कपाळ झाकायची, कधी हनुवटी झाकायची. मग दोन वाक्यं बोलायची आणि बाई आनंदानं मान डोलवायची. हळूहळू ओदिलियाच्या गिऱ्हाइकांनी चौकशी सुरू केली, फिलोमेना कधी मोकळी होईल. ओदिलिया अकरा वर्षांपूर्वी बाहेर पडली आणि तिनं स्वतःचं दुकान काढलं. लोकांना सांगितलं, जागा स्वस्त मिळाली. पुढे फिलोमेनानंही आपलं दुकान थाटलं. तेव्हापासून दोघींची गाठ चर्चच्या पायऱ्यांवर पडायची. नमस्कार, तब्येत, थंडी फार आहे, एवढंच.

रविवारी प्रार्थनेला जायच्या आधी लिओनोरनं डोकं धुतलं आणि नेहमीसारखी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत आईपुढे बसली. केस वाळवून द्यायचं काम ओदिलियाचंच. तिनं ओल्या केसांत बोटं घातली, आणि बोटं आपोआप वाचायला लागली. कापणाऱ्याचा हात केसांत राहतो. ओळखणाऱ्याला तो कळतो.

पहिला लेअर बरोबर गालाच्या हाडाशी सुरू होत होता, कारण फुगवटा तिथंच हवा होता. आतल्या बाजूला थोडे आखूड केस दडवलेले होते, ते वरच्यांना बाहेर ढकलत होते. टाळूवर मात्र काहीही उंच केलेलं नव्हतं, उलट केस तिथं शांत बसवले होते. कपाळावरच्या बटा मध्ये भुवईपर्यंत आणि कानशिलाकडे उतरत्या, म्हणजे चेहऱ्याची वरची लांबी झाकली जात होती. यातलं एकही ओदिलियाला नवं नव्हतं. दर आठवड्याला कुणा ना कुणा लांब चेहऱ्याच्या बाईला ती हेच सांगायची, ताई, सरळ लांब केस सोडू नका, चेहरा आणखी खाली ओढतात, डोक्यावर उंच काही बांधू नका. आपल्याच लेकीला तिनं आठ वर्षं सरळ लांब केस सोडायला लावले होते, आणि आता वर उंच अंबाडा आणि त्यावर मुकुट चढवणार होती. ड्रायरची गरम हवा तिच्या मनगटावर लागत होती तरी तिनं हात हलवला नाही.

मग तिला चूक सापडली.

डावी बाजू उजवीपेक्षा अर्ध्या बोटानं लांब होती. तिनं दोन्हीकडच्या बटा हनुवटीखाली ओढून पुन्हा मोजल्या. अर्धं बोट. ओदिलियाला कित्येक दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. पंधरा वर्षं जिचे गोडवे ऐकले, तिला दोन बाजू सारख्या करता येत नाहीत. तिनं ड्रॉवरमधून कात्री काढली.

"काय करतेस?"

"वाकडं झालंय. सरळ करते. हलू नको."

केस वाळल्यावर लिओनोर बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिनं आईकडे न बघता विचारलं, "आई, काल माझा चेहरा असा नव्हता ना?"

नव्हता. ओदिलियाला ते टेबलापासूनच दिसलं. रेघ आता फूटपट्टीसारखी सरळ होती, आणि त्या सरळ रेघेपुढे चेहरा एका बाजूला कलल्यासारखा दिसत होता. डाव्या जबड्याचा कोपरा जरा आत होता. इतकी वर्षं डोळ्यांपुढे असून ओदिलियानं तो कधी पाहिलाच नव्हता, कारण लांब केसांखाली तो झाकलेला असायचा. आणि कालपर्यंत त्या अर्ध्या बोटानं झाकला होता.

सोमवारी दुकानं बंद असतात. ओदिलियानं सकाळी तासभर ब्रश आणि ड्रायर घेऊन खटपट केली. लिओनोर निमूट बसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी साठलं. ते पाणी ओदिलियाला आरशात दिसलं तेव्हा तिनं ब्रश ठेवला, कोट घातला आणि पोरीला म्हणाली, चल.

फिलोमेना आपल्या दुकानाच्या वरच राहायची. दार उघडलं तेव्हा तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं. तिनं लिओनोरकडे बघितलं, मग ओदिलियाकडे, आणि तिला सगळं समजलं हे ओदिलियाला कळलं. तिनं हात धुतले, खाली येऊन दुकानाचे दिवे लावले. एवढी वर्षं त्या दुकानाच्या काचेवरून ओदिलिया रस्त्याच्या पलीकडून गेली होती. आत चार खुर्च्या होत्या, ओदिलियाच्या दुकानापेक्षा एक जास्त. तिनं त्या मोजल्या.

फिलोमेनानं केस मागे घेतले आणि आरशात बघत राहिली. ओदिलिया भिंतीशी उभी होती.

"मी समान केले," ती शेवटी म्हणाली. "मला वाटलं तुझी चूक."

"माझ्या चुका असतात. ही नव्हती." फिलोमेनाचा आवाज साधाच होता. "झोपाळ्यावरून पडली होती ना ही. चार वर्षांची असेल. तेव्हापासून ही बाजू अशी आहे."

ओदिलियाला झोपाळा आठवला. त्या शनिवारी दुकानात एका लग्नाच्या आठ बायका होत्या, ती खुर्ची सोडू शकली नव्हती. रक्तबंबाळ पोरीला उचलून इस्पितळात नेलं होतं फिलोमेनानं, आणि चार तास तो चेहरा मांडीवर धरून बसली होती. केसांचं एक वेळ जाऊ दे. पण आपल्या पोरीचा चेहरा आपल्याआधी दुसऱ्या बाईला पाठ असावा, हे कुठं ठेवायचं ते तिला समजेना.

"वाढून सारखं होईल का?" लिओनोरनं विचारलं.

"वाढतील तर दोन्हीकडचे वाढतील," फिलोमेना म्हणाली. "वाट बघून उपयोग नाही. भांग हलवू."

तिनं मधला भांग उजवीकडे नेला, म्हणजे वरचा सगळा भार डावीकडे पडला. उजवी बाजू गोल ब्रशवर घट्ट वळवली तशी ती चढून आखूड झाली, आणि डावी नुसती आत झुकवून सैल सोडली. कात्री तिनं फक्त एकदा लावली, उजव्या कानामागे, जेमतेम चार केसांना. मुकुट कपाळावर न आणता जरा मागे बसव, बटा पुढे दिसू देत, असंही तिनं ओदिलियाला सांगितलं. हातवारे करून दाखवलं, जसं शिकाऊ पोरीला दाखवावं. ओदिलियानं मान हलवली. आरशात तिची लेक हसली, दोन दिवसांत पहिल्यांदा, आणि हसली ती फिलोमेनाकडे बघून.

निघताना फिलोमेनानं ओदिलियाचं कपाळ बघितलं. ते चांगलं रुंद होतं, आणि ओदिलिया वर्षानुवर्षं केस मागे ओढून गच्च बांधायची.

"बस पाच मिनिटं. तिरकी लांब बट काढते, कानशिलाशी दोन मोकळ्या सोडते. अर्धं झाकेल."

"मला नको," ओदिलिया म्हणाली. "गिऱ्हाइकाच्या कामात केस डोळ्यांत येतात." आणि ती दाराबाहेर पडली.

सणाच्या रविवारी ऊन पडलं होतं. बँडमागून लिओनोर चालत आली, मखमली झगा जमिनीवर पसरलेला, चार छोट्या मुली त्याची टोकं धरून. ओदिलियानं सकाळी तिचे केस स्वतः बसवले होते, भांग उजवीकडून, मुकुट मागे. ती लांब चेहऱ्याची दिसतच नव्हती. राणी दिसत होती. चर्चमधल्या ओळखीच्या एका बाईनं गर्दीतून वाट काढत ओदिलियाचा हात धरला आणि म्हणाली, लोक विचारताहेत गं, केस तुझ्या हातचे ना?

तीन पावलांवर फिलोमेना उभी होती. तिनं मान वळवली नाही, पण ऐकत होती.

हो म्हणणं सोपं होतं. ओदिलियाच्या तोंडापर्यंत ते आलंही होतं. "फिलोमेनानं कापले," ती म्हणाली. मग राहवलं नाही. "बसवले मी."

फिलोमेना तेव्हा वळली आणि मोकळेपणानं हसली. आपण पोरीला काही मोठं दिल्यासारखं तिनं दाखवलं नाही, याचाही ओदिलियाला राग आला.

मंगळवारी दुकान उघडायच्या आधी ओदिलिया स्वतःच्या आरशापुढे बसली, अंबाडा सोडला आणि कपाळावरून तिरकी बट काढली, मग कानशिलाशी दोन. हात साफ होताच. बट कपाळावर नीट पडली आणि रुंदी खरंच कमी दिसली. डावी-उजवी सारखी आहे का हे तिनं तपासलं नाही. दुपारी पाव आणायला ती नेहमीच्या बेकरीत न जाता पुढच्या चौकातल्या बेकरीत गेली. ती वाट फिलोमेनाच्या दुकानाच्या काचेवरून जाते. आत फिलोमेना कुणाचं तरी कपाळ तळव्यानं झाकून आरशात बघत होती. ओदिलिया सावकाश चालली, आणि फिलोमेनानं वर बघितलं की नाही हे बघायला एकदा थांबली सुद्धा.