राक्षसाचं तोंड

"राक्षस कोणावर धावून जाणार हे नशीब ठरवत नाही, हिशेब ठरवतो. आणि तो हिशेब माझ्या मुठीत आहे," अजमलने जाहीर केलं. तेवढ्यात राक्षसाने त्याच्याकडे पाठ फिरवली, चार ढांगांत त्याच्या बहिणीला गाठलं आणि एका फटक्यात आडवं केलं.

"मूठ उघडी राहिली वाटतं, भाई," माहरुख शेजारच्या खुर्चीवरून म्हणाली.

महाडच्या बाजारपेठेत अजमलचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस. आज शुक्रवार, नमाजनंतर त्याने शटर अर्धं ओढून टेबलावरचा पंखा लावला होता. कॉलेजात असताना ज्या सायबर कॅफेत हे भाऊबहीण आणि त्यांचे दोन दोस्त हा ऑनलाइन खेळ खेळायचे, तो पुरात गेला. आता तिथे औषधांचं दुकान आहे. आणि खेळाचा सर्व्हर आज सहा वाजता कायमचा बंद होणार होता. हा शिंगवाला राक्षस तेव्हा एकदाही मेला नव्हता. म्हणून दासगावच्या सासरहून माहरुख आली, कुडपणहून म्हशींची धार भावाला सोपवून जितेश आला, आणि कुवेतमधून शोएब फोनच्या स्पीकरवर हजर झाला.

कामं जुनीच. अजमल ढालवाला, म्हणजे मार खाणारा. जितेश लांबून बाण मारणार, शोएब तलवार चालवणार, माहरुख जखमा भरणार. राक्षसाच्या डोक्यात प्रत्येकाच्या नावापुढे रागाचा आकडा चढत असतो; ज्याचा सगळ्यांत मोठा, त्याच्यावर तो धावतो. मारलं की राग वाढतो, दुसऱ्याची जखम भरली तरी त्याच्या निम्मा वाढतो. ढालवाल्याच्या घावाला मात्र राग मुद्दाम जास्त लागतो, म्हणजे नाजूक माणसं वाचावीत. जितेश लांब उभा असल्याने त्याला सवलत: त्याचा आकडा अजमलच्या थोडाफार पुढे गेला तरी राक्षस वळत नाही, बराच पुढे गेला तरच वळतो.

शिवाय अजमलकडे 'हाक' होती. ती दिली की त्याचा राग सगळ्यांत वरच्याच्या बरोबरीला येतो आणि काही क्षण राक्षसाला त्याच्यावरच यावं लागतं. पण एकदा दिली की बराच वेळ पुन्हा देता येत नाही. कॅफेत अजमल हाकेचं बटण दाबताना तोंडानेही आरोळी ठोकायचा. बारावीची पोरं माना वळवून बघायची. मालक फक्त आवाज वाढवू नका म्हणायचा, पण तोही बघायचा. आजही त्याने ओरडून घेतलं होतं. बघायला भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं होतं.

"त्या काळी तो मलाच का मारायचा, ते आत्ता कळलं," माहरुख म्हणाली. "अर्ध्यावर आला की तो डरकाळी फोडतो, तुम्हाला लांब फेकतो आणि सगळ्यांचा राग विसरतो. तुम्ही पळत परत येईपर्यंत मी तुमची जखम भरते. पाटी कोरी, त्यावर पहिलं नाव माझं. आणि तुमची हाक आधीच खर्च झालेली."

कुवेतहून शोएबने दुजोरा दिला.

"आमची म्हैस कोणी मारलं ते वर्षभर विसरत नाय," जितेश म्हणाला. "ह्यो लगेच विसरतो. जनावर नाय हाय ह्यो, मानूस हाय."

घड्याळात पावणेसहा. एकच खेप उरली होती, आणि ती अजमलला हवी होती. निदान एकदा राक्षसाचं तोंड शेवटपर्यंत आपल्याकडे राहावं.

या वेळी त्याने हाक दिलीच नाही. मुकाट्याने घाव घालत राहिला. जितेशचा आकडा पुढे सरकू लागला की शोएब फोनवरून त्याच्या आजोळचा उद्धार करायचा आणि बाण थांबायचे. अर्ध्यावर डरकाळी आली. अजमल भिरकावला गेला, त्याचा जीव चतकोरही उरला नाही. सवयीने माहरुखचं बोट बटणाकडे गेलं आणि तिथेच अधांतरी थांबलं. भावाची जखम उघडी ठेवून बसलेली ती त्याने आयुष्यात प्रथमच पाहिली.

त्याने हाक दिली. तोंडाने नाही, नुसत्या बटणाने. राक्षस वळला, त्याच्याकडेच आला. अजमल पुढे धावला, घावावर घाव घालून राग चढवला, आणि मग म्हणाला, "आता भर."

तिने भरलं. जितेशचे बाण सुटले, शोएबची तलवार चालली. सहाला तीन मिनिटं असताना राक्षस कोसळला, तोंड अजमलकडे.

पडद्यावर चौघं मेलेल्या राक्षसाभोवती उभे राहिले, मग पडदा काळा झाला. शोएब फोनवर नाक ओढत होता; धूळ आहे म्हणाला. जितेश उगीच माऊसची वायर गुंडाळत बसला. अजमलला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलायला हवं. त्याने घसा खाकरला.

"भाई," माहरुख म्हणाली, "तो पंखा जरा माझ्याकडे फिरवा ना. मघापासून तुमच्याच तोंडावर आहे."