बीप वाजत नाही

पोलादपूरच्या घाटरस्त्यालगतच्या त्या लॉजमध्ये नीला पोचली तेव्हा मागच्या पडवीत चादरींचा ढीग कमरेइतका झाला होता. श्रावणातले जोडून आलेले सुट्टीचे दिवस, महाबळेश्वरला जाणाऱ्यांची गर्दी, आणि कपड्यांचं मशीन दोन दिवस मुकं. मालक मालोजीशेट ढिगाच्या अलीकडे उभे होते, कपडे धुणारी शकू पलीकडे. दोघांच्या मधे चादरी नव्हे, खटला पडला होता.

"या नीलाताई," मालोजीशेट म्हणाले. "मशीन दुरुस्त होईल तेव्हा होईल. आधी मला एकच सांगा. बिघडलं की बिघडवलं?"

नीलाने पिशवी खाली ठेवली. महाडला एसटी डेपोसमोर तिचं दुरुस्तीचं दुकान होतं, बावीस वर्षं झाली. गिऱ्हाईक असं विचारायला लागलं की तिला पुढचं सगळं कळे. यंत्र बाजूला राहतं आणि माणसं उघडायला घेतात.

"कुणी बिघडवलं म्हणता?"

"हिनं." शेटनी शकूकडे पाहिलंही नाही. "मशीन यायच्या आधी ही आणि हिची बहीण मैना, दोघी हातानं धुवायच्या. मशीन आलं, मैनेला नको सांगितलं. आता मशीन बंद पडलं की मैना परत कामावर. सरळ हिशेब."

"मी नाय काय केलं," शकू म्हणाली. "माझ्या पोरांची शपथ घेते."

"पोरांना कशाला मधे आणतेस गो?"

नीलाने शकूकडे नीट पाहिलं. तिशी-पस्तिशीची, डोंगरातल्या वाडीवरून रोज चालत येणारी. तिची नजर मशीनच्या दाराकडे जात होती आणि तिथून लगेच दुसरीकडे. नीलाला ते आवडलं नाही.

"चालू करताना काय होतं?"

"दिवे लागतात," शकू म्हणाली. "बटण दाबलं की काय नाय. पाणी घेत नाय, फिरत नाय. थोड्या वेळानं दाराचा दिवा लुकलुकतो."

"काकी, मी चेक केलंय ऑलरेडी," मागून आवाज आला. शेटांचा पुतण्या मंगेश, मुंबईत एसी बसवण्याचं काम करतो, सुट्टीला आला होता. हातात पिवळा मीटर. "डोअर लॉक साफ गेलेलं हाय. मीटर बीपवर लावला, वायर जोडलेली असली की वाजतो तो, आणि बोर्डाजवळच्या वायरींच्या प्लगला दोन्ही टोकं टेकवली. बीप वाजत नाय. कोणीतरी दार खेचलं, और क्या."

"बघा!" शेट म्हणाले. "आज संध्याकाळी हिला घरी पाठवतो. आणि बाजारात चार ठिकाणी सांगतो का पाठवली ते. तुम्ही फक्त शिक्का मारा."

म्हणजे शिक्का मारायला बोलावलं होतं. पोलादपूर केवढं? चार लॉज, दोन खानावळी. एका शेटनं सांगितलं की बाकीच्यांच्या दारात शकूला उभं कोण करणार?

नीलाने मशीनची पिन भिंतीतून काढली आणि ती सगळ्यांना दिसेल अशी मशीनवर ठेवली. मागचे दोन स्क्रू काढून वरचं झाकण उचललं. आपला मीटर काढला, दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून शून्य येतं का पाहिलं. ही तिची सवय होती. दुसऱ्यावर संशय घेण्याआधी मीटरवर घ्यायचा.

"पाणी घेत नाही म्हणता, तर आधी पाण्याचा व्हॉल्व बघू." मागच्या बाजूला, नळी जोडतात तिथेच तो होता. त्यावर दोन गुंडाळ्या, प्रत्येकीला दोन पात्या. तिने वायरी काढल्या, मीटर किलोओहमवर ठेवला. एकीवर तीन पूर्णांक नऊ, दुसरीवर चार. "दोन्ही गुंडाळ्या जिवंत आहेत. तुटली असती तर आकडाच आला नसता. व्हॉल्वचा दोष नाही. त्याला वीजच मिळत नसणार. दार बंद झाल्याची खात्री पटल्याशिवाय मशीन पाण्याला हुकूम देत नाही."

"तेच बोलतोय ना मी," मंगेश म्हणाला. "लॉक."

"तुझी बीप मात्र विसर." नीला शांतपणे म्हणाली. "लॉकमध्ये एक छोटा हीटर असतो. वीज मिळाली की तो तापतो, तीन-चार सेकंदांत दार अडकवतो आणि मग आतला स्विच जोडतो. मशीनला वीज नसताना तो स्विच उघडाच असणार. आणि हीटरला हजाराच्या आसपास ओहम असतात, एवढ्याला बीप वाजत नाही. नव्याकोऱ्या लॉकवरही तुझा मीटर गप्पच बसला असता."

मंगेशचा चेहरा उतरला. शकूने पहिल्यांदा मान वर केली.

नीलाने बोर्डाजवळचा तोच प्लग काढला, लॉकच्या हीटरकडे जाणाऱ्या दोन वायरी ओळखल्या आणि टोकं टेकवली. पडद्यावर हजाराच्या आसपास काहीतरी यायला हवं होतं. आलं 'ओ-एल'. म्हणजे वाट तुटलेली.

तिने पुन्हा टेकवली. पुन्हा तेच.

"काय?" शेटनी विचारलं.

"थांबा जरा."

मंगेशची पद्धत चुकीची होती, पण उत्तर बरोबर निघण्याची चिन्हं होती. तिने दार उघडलं. दाराचा आकडा लॉकच्या ज्या खाचेत शिरतो तिच्या कडेला ताजे ओरखडे होते, पत्र्यापर्यंत गेलेले. मशीनला हे कपड्यांनी होत नाही.

"हे कशानं झालं?"

शकू म्हणाली, "कालथा घातलेला मी."

"ऐकलंत?" शेट ओरडले. "कालथा! स्वैपाकघरातला!"

"मशीन बंद पडल्यावर घातला, आधी नाय! रोज बटण दाबल्यावर आत टक वाजायचं, ते वाजेना. म्हटलं आत काय अडकलंय का बघू."

"मग आधी का नाही सांगितलंस?" नीलाने विचारलं.

"सांगितलं असतं तर कोण ऐकणार होतं?"

हेही खरंच होतं. पण खरं वाटणं आणि खरं असणं यांत अंतर असतं, आणि नीलाला त्या क्षणी शकूचा राग आला. कालथा घालणारी बाई दार ओढणार नाही कशावरून? जिभेच्या टोकावर वाक्य आलं होतं, 'शेट, लॉकच गेलंय.' तेवढ्यावर सगळं मिटलं असतं. पण लॉक तिने अजून हातात घेतलं नव्हतं. मोजलं होतं ते बोर्डापासून लॉकपर्यंत सगळं मिळून. आणि दार ओढून काही तुटलंच तर दाराचा आकडा तुटतो, हीटर कशाला तुटेल?

तिने दाराच्या रबराची तार सोडवली, रबर बाजूला सारून लॉकचे दोन स्क्रू काढले आणि आत हात घालून लॉक वायरीसकट बाहेर ओढलं.

वायरींच्या या टोकाला, लॉकवर बसणाऱ्या प्लगभोवती, दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळलेला होता. वर लाल चिकटपट्टीचे तीन वेढे, शेवटचं टोक दुमडलेलं, पुढच्या वेळी नखाने सुटावं म्हणून.

टोक असं दुमडणारी महाड-पोलादपूरमध्ये एकच बाई होती.

वैशाखात याच मशीनचं रबर तिने बदललं होतं. इकडच्या पावसात चार महिने भिंतींना पाझर फुटतो, प्लगच्या पात्यांना गंज धरतो, म्हणून हे ती आपल्या डोक्याने करत आली होती. गिऱ्हाईकं कौतुक करायची. बाईचं काम पक्कं, प्लगलासुद्धा रेनकोट घालते.

तिने पट्टी सोडवली. पिशवीच्या आतून पाण्याचे दोन थेंब ओघळले. बाहेरचा ओलावा अडला होता, पण आत गेलेला बाहेर पडायला वाट नव्हती. कपडे गरम पाण्यात धुतल्यावर वाफ धरायची, थंड झाल्यावर तिचं पाणी व्हायचं, आणि ते तिथेच राहायचं. पितळी पात्या हिरव्या पडल्या होत्या. एक तर गंजानं खाऊन निम्मी झाली होती.

तिने लॉकच्या हीटरच्या दोन पात्या कापडाने पुसल्या आणि त्यांवर मीटर टेकवला. नऊशे वीस ओहम. लॉक ठणठणीत होतं.

"दमट हवेनं प्लग गंजलाय," ती म्हणाली. "लॉक चांगलं आहे."

हे खोटं नव्हतं. एवढ्यावर निभावेल असं तिला वाटलं.

शेटनी डोळे बारीक केले. "अरे वा! आत्तापर्यंत लॉकची वाट तुटलेली, ही रडवेली झाली आणि लगेच दमट हवा? बायका बायकांना सांभाळून घेतात ते मला कळतं, ताई. कालथ्यानंच प्लग हलवला नसेल कशावरून?"

शकू नीलाकडेही त्याच नजरेनं पाहत होती, शेटकडे पाहावं तशी. हिच्याकडून फारसं काही यायचं नाही, असं ती नजर म्हणत होती.

नीलाने पिशवीचा तुकडा उचलून मशीनच्या पाठीवर पसरला. शेजारी पट्टी ठेवली.

"हे बघा. प्लग यात बांधलेला होता. पट्टीचे तिन्ही वेढे जागच्या जागी होते, तुमच्यासमोर मी सोडले. कालथा इथवर पोचलाच नाही. पोचला असता तर पिशवी फाटली असती."

"बांधला कोणी?"

"मी. रबर बदललं तेव्हा. गंज चढू नये म्हणून बांधला आणि त्यानंच गंज चढला. चूक माझी आहे, शेट. हिची नाही."

मंगेश खाकरला आणि मीटर खिशात घातला.

नीलाने गंजलेला भाग कापून हत्यारांच्या पिशवीतला नवा प्लग जोडला. या वेळी उघडाच ठेवला, फक्त वायरी खालच्या अंगाला वळवल्या, पाणी आलंच तर ठिबकून जावं म्हणून. पुन्हा बोर्डाकडच्या टोकाला मोजलं. नऊशेच्या वर आकडा स्थिर राहिला. लॉक, रबर, झाकण सगळं जागेवर बसवलं, मग पिन लावली.

"दाब," ती शकूला म्हणाली.

शकूने बटण दाबलं. एक, दोन, तीन. टक. मग मागे व्हॉल्व घुमला आणि पाणी उतरू लागलं.

"तुला चादरी घालायला कोणी सांगायला हवं काय गो?" शेट शकूवर खेकसले. नोकरी राहिली, हे सांगण्याची त्यांची हीच रीत.

"चालू मशीनचं दार उघडत नाय, शेट," शकू म्हणाली. "आता रिकामंच फिरू दे. नायतर परत माझ्यावर नाव येईल." आणि ती ढीग निवडायला बसली. नीलाला तिने चहा विचारला नाही, आभारही मानले नाहीत.

नीला पिशवी आवरत असताना शेट जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "असे रेनकोट आणखी किती मशीनांना घातलेत?"

"बरेच," ती म्हणाली.

"मग त्यांना सांगत फिराल तेव्हा माझं नाव कुठं घेऊ नका."

बाहेर पावसाची बारीक झड होती. रिक्षाच्या थांब्यावर उभं राहून तिने फोन काढला. पोलादपुरातच, बाजारामागे, प्रयागबाईंकडे गेल्या वर्षी तिने असाच प्लग बांधला होता.

"प्रयागबाई, नीला बोलतेय, महाडची. मशीन बरं चाललंय ना?"

"चाललंय की. का गो?"

"इथेच आलेय. येऊन एकदा उघडून बघते म्हटलं."

पलीकडे मागे मशीन घरघरत असल्याचा आवाज येत होता.

"चालत्या मशीनला उघडून काय बघायचं असतं?" प्रयागबाई हळूच म्हणाल्या. "थांब, आमचे हे घरी येऊ देत. मग ये."

"येऊ देत," नीला म्हणाली. "मी दाराबाहेर थांबते."