घाटातली लाल खूण

श्रीशैलमहून हैदराबादला परतताना धरण ओलांडलं आणि समोर घाट उभा राहिला. गाडी मनीषा चालवत होती. शेजारी नवरा समीर, मागे सासूबाई विमलताई, सासरे रामचंद्रराव आणि नणंद अपर्णा. डिकीत सासूबाईंनी हौसेनं घेतलेला दगडी रगडा. मे महिना, एसी फुल्ल.

चौथ्या वळणावर समोरच्या पडद्यावर लाल खूण उमटली: गिअरबॉक्स गरम, सुरक्षित जागी थांबा.

"समीर, थांबते मी. डावीकडे मोकळी जागा आहे."

"इथं जंगलात? आता संपेलच घाट."

"गिअरबॉक्समधला बेल्ट तापतोय. विनागिअरची गाडी आहे, चढावर सगळा भार त्या बेल्टवरच येतो. थोडा वेळ उभं राहिलं की निवेल."

"घरी अंबरपेठला पोहोचायला रात्र करायची का?" मागून विमलताई म्हणाल्या. "बाबांच्या गोळ्या आहेत."

"दाब गं जरा," समीर म्हणाला.

ती मोकळी जागा मागे पडली. मनीषानं एसी बंद केला, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही. गाडीनं आपणहून जोर कमी केला. तिनं आणखी दाबलं. इंजिन किंचाळलं, वेग मात्र उतरत गेला. आत जळका वास भरला आणि एका आंधळ्या वळणावर चाकांना जोरच मिळेनासा झाला. गाडी मागे सरकू लागली तशी तिनं ब्रेक दाबून धरला, हँडब्रेक ओढला. गाडी थांबली.

"मी मागून येणाऱ्या गाड्यांना हात करतो," म्हणत समीर उतरला आणि वळणाकडे धावला.

खालून भरधाव आलेल्या जीपवाल्याला तो दिसला तेव्हा फार उशीर झाला होता.

समीरचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

गाडी ओढून आणली त्या गॅरेजमधल्या मिस्त्रीनं तेलात मिसळलेला लोखंडाचा चुरा दाखवला. "मॅडम, बत्ती लगी तबीच रुकना था. गाडी पार्कमें, इंजन चालू. तेल फिरता, ठंडा होता. बेल्ट पुली को खा गया."

सिकंदराबादच्या हॉस्पिटलात भेटायला आलेल्या नातेवाइकांना विमलताई पदर डोळ्याला लावून सांगत होत्या, "गाडी हीच चालवत होती. चढावर नीट नेता आली नाही हिला."

मनीषानं समीरकडे पाहिलं. तो शुद्धीवर होता, त्यानं ऐकलं होतं. अपर्णा खाली बघत होती.

समीरच्या ओठांची थोडी हालचाल झाली. मग त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मनीषानं डब्यातला वरणभात कालवला आणि पलंगाजवळ गेली. "इकडे वळ," ती म्हणाली. "खाऊन घे."

तो वळला नाही. ती घास धरून तशीच उभी राहिली.