आवाज बंद करून

फिल्मखालच्या चारशे बारा ओळपट्ट्या, म्हणजे सबटायटल्स, तीनदा वाचून रोहिणीच्या डोळ्यांची पार माती झाली होती. एका पट्टीत दोनच ओळी, ओळीत फार तर अडतीस अक्षरं, हा नियम. त्यात कुठं 'मोटर' तर कुठं 'मोटार', कुठं पूर्णविराम गायब. वैरण बारीक कापायचं कडबाकुट्टी यंत्र सुरक्षित कसं वापरायचं, याची ही फिल्म. बारामतीच्या या दोन खोल्यांच्या स्टुडिओतून ती पाचपर्यंत यंत्राच्या कंपनीकडे जायलाच हवी होती.

"झालं का, रोहिणीताई?" मालक अविराजने तिसऱ्यांदा विचारलं.

"झालं, सर. फक्त सारजाला दाखवते."

सारजा तिची थोरली बहीण, जन्मापासून बहिरी. सोमवारपासून ती इंदापूरकडच्या एका गोठ्यावर कुट्टीच्या यंत्रावर उभी राहणार होती, आणि शिकवणी म्हणून तिला हीच फिल्म दाखवणार होते. सारजा वाचायची, पण सावकाश.

रोहिणीने बाहेरच्या खोलीत बसलेल्या सारजाला बोलावलं आणि आवाज बंद करून फिल्म लावली. पडद्यावर यंत्र शिकवणारे रामहरी तात्या त्याच्या तोंडाकडे बोट दाखवत होते. खाली पट्टी आली:

वैरण अडकली, तर प्लग काढल्याशिवाय
यंत्राच्या तोंडात हात घालू

सारजाने ती वाचली आणि तात्यांच्या बोटाकडे पाहिलं. तेवढ्यात 'नका. आधी मोटर बंद करा.' ही पुढची पट्टी येऊन गेलीसुद्धा. रोहिणीने खुणेनं विचारलं, अडकली तर काय करशील? सारजाने हसत उजवा हात पुढं केला आणि हवेतल्या यंत्रात कोपरापर्यंत घातला.

रोहिणीने फिल्म थांबवली. ओळ नियमात बसत होती, म्हणून तिने तीनदा सोडून दिली होती. तेव्हा कानांत हेडफोन होता, 'नका' कानांनीच वाचलं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने दोन्ही पट्ट्या खोडून एकच लिहिली:

वैरण अडकली? हात घालू नका.
आधी मोटर बंद करा, प्लग काढा.

अविराज मागून वाकून म्हणाला, "तात्या असं बोलत न्हाईत की."

"न्हाईत. पण सांगायचं हेच हाय त्यांना. आणि ऐकणाऱ्याला ह्या पट्ट्या लागतातच कुठं, सर?"

सारजाने नवी पट्टी वाचली. पुन्हा विचारल्यावर तिने हवेतलं बटण दाबलं, भिंतीकडे वळून नसलेला प्लग उपटला आणि मग कुठं हात पुढं केला.

पाच वाजायला वीस मिनिटं होती. अशी आणखी एखादी पट्टी कुठं दडली असेल, कोण सांगणार? रोहिणीने हेडफोन काढून ड्रॉवरमध्ये टाकला.

"सर, कंपनीला फोन करा. आज न्हाय जमायचं," ती म्हणाली आणि सारजासाठी खुर्ची जवळ ओढून तिने पहिली पट्टी लावली.