सहभागी सहा

भाचीला पदवीसाठी संशोधन करायचं होतं आणि मला निवृत्तीनंतर घर खायला उठत होतं. तिने माझ्या माहेरच्या गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी जाऊन गावच्या आटलेल्या तळ्याबद्दल मुलाखती रेकॉर्ड केल्या. मी हेडफोन लावून त्या गावच्या बोलीतून विद्यापीठाच्या भाषेत आणल्या. खोकला, उसासा, मधेच कोंबडी हाकलणं, सगळं कंसात. कुणाचंही नाव बाहेर येऊ द्यायचं नाही, असा नियम होता. प्रत्येकाला नुसता क्रमांक.

सहभागी सहा म्हणजे गावातली एकुलती एक शिंपीण. शिलाई मशीन थांबवून ती म्हणाली होती, "तळं आटलं कुठलं गं! मुखियाच्या बापाने राडारोडा टाकून बुजवलं आणि वर गोदाम बांधलं. आम्ही डोळ्यांनी बघितलं, मूग गिळून बसलो." मग आवाज खाली गेला. "माझं नाव घालू नकोस हं. पोरगा त्यांच्याच ट्रकवर आहे."

आता गावात शिंपीण एकच. नाव गाळून 'शिंपीण' ठेवलं काय आणि नाव ठेवलं काय, सारखंच. भाचीच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, धंदा बदल, बाईचा पुरुष कर. भाचीने केलं 'एक वृद्ध न्हावी'. मुलाखत दिलेल्यांत कुणी न्हावी नाही, हे तिने दोनदा तपासलं. हुशार पोरगी! मुलाखत न दिलेलं गाव मात्र तिने तपासलं नाही.

प्रबंध जमा झाला, रेकॉर्डिंग नियमाप्रमाणे पुसून टाकलं, आणि मग निष्कर्ष गावाला वाचून दाखवायचे ठरले. शाळेच्या मोठ्या खोलीत सगळे जमले. भाची कागद पुढे करत होती आणि मी ओळीमागून ओळ बोलीत सांगत होते. तो कागद मी आधी पाहिलेला नव्हता. "एक म्हातारे न्हावी म्हणाले..." शब्द तोंडातून गेला आणि खोलीतल्या सगळ्या माना मागच्या बाकाकडे वळल्या.

तिथे न्हावीकाका बसले होते. गावात न्हावी तेवढेच. भाची त्यांच्या दुकानात फोन चार्ज करायला तासन्‌तास बसायची, हे सगळ्यांनी पाहिलेलं. पुढचं वाक्य मी गाळायला हवं होतं, पण मुखिया समोरच्या खुर्चीत पुढे झुकून म्हणाला, "वाचा की ताई, थांबलात का?" वाचलं. शिंपीण खिडकीशी बसून पदराचा धागा ओढत राहिली.

"मी त्या यंत्रापुढे बसलोच नाही!" काका ओरडले. लोक हसले. मुखियाही हसला, आणि ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकांच्या दुकानाला कुलूप होतं. जागा मुखियाची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरीही कुणी केली नव्हती.

भाचीने रडत मार्गदर्शक बाईंना फोन लावला. बाईंचं उत्तर बरोबर होतं, म्हणून तर जास्त राग आला. कोण बोललं ते सांगायचं नाही, आणि कोण नाही बोललं तेही सांगायचं नाही. 'न्हावी नव्हता' म्हटलं की मुखिया दुसरं नाव घेणार, मग तिसरं, आणि मोजक्या दारांनंतर शिलाई मशीन येणार.

संध्याकाळी काका आम्ही उतरलो होतो तिथे आले.

"ताई, कोण ते मला नको. फक्त मी नाही, एवढंच सांगा."

"नाही सांगता येत, काका."

"खरं असूनही?"

आयुष्यभर भाषांतरं केली, पण या माणसाला देण्यासारखा एक शब्द माझ्याकडे नव्हता. लाज वाटली. भाची दाराआड उभी राहून हुंदके आवरत होती.

काका पायरीवर बसले. मग म्हणाले, "बरं. उद्या मुखियाकडे माफी मागायला जातोय. दुकान उघडायचं तर दुसरा इलाज नाही. पण काल मी ओरडत होतो, शेवटपर्यंत नीट ऐकलंच नाही. मी काय म्हणालो, ते तरी एकदा सांगा. त्याने विचारलं तर चुकायला नको."

मी कागद घेतला आणि सांगितलं. तळं, राडारोडा, गोदाम, गप्प बसलेली माणसं. त्यांनी दोनदा म्हणवून घेतलं, ओठ हलवत पाठ केलं.

"खरंय हे," ते उठताना म्हणाले. "मीही होतो तिथे. माझ्या तोंडून कधी निघालं नसतं."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन त्यांनी न बोललेल्या त्या खऱ्या शब्दांची मुखियाकडे माफी मागितली.